फरजानाचा सबर

सिरसाळ्यात मुसलमानांच्या घरी बाई वारली की दोन माणसं लगोलग बाहेर पडतात. एक मशिदीकडे जातो, दुसरा आमच्या गल्लीत फरजानाच्या दारात येतो. मयत बाईला शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची, अशी त्यांची रीत. गुसल म्हणतात तिला. गुसल देणाऱ्या बायका गावात आणखी आहेत, पण एखादीची कंबर धरलेली असते, एखादी रडून आधीच अर्धी झालेली असते. फरजाना रडत नसे. बोरीचा पाला टाकलेलं कोमट पाणी, स्वच्छ कापड, पडदा, सगळं शांतपणे मांडून घ्यायची आणि आपल्याच लेकराला न्हाऊ घालावं तशी त्या बाईला न्हाऊ घालायची. हात कधी कापले नाहीत. मोहल्ला म्हणायचा, सबर असावा तर फरजानासारखा. सबर म्हणजे आपली सबुरी, पण तिकडे त्या शब्दाला मान जास्त.

माझी पिठाची गिरणी तिच्या दुकानाला खेटून आहे. दुकान म्हणजे तरी काय, पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं यंत्र आणि गादी पसरून टाके घालता येतील एवढी मोकळी जमीन. तिचा नवरा गुफरान मोटारसायकलींचा मेकॅनिक. गाद्यांचं काम तिचं स्वतःचं, माहेरहून आणलेलं. माझ्याकडून पीठ उडतं, तिच्याकडून कापूस, आणि संध्याकाळी आम्ही दोघी सारख्याच भुरकट होऊन घरी जातो. एवढ्या वर्षांचा शेजार आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क मी मला देऊन टाकला आहे. मला तसंही कुणी विचारावं लागत नाही.

आता खरं सांगायचं तर या बाईशी बोलणं म्हणजे विहिरीशी बोलणं. आपण वाकून हाक मारायची आणि आपलाच आवाज ऐकायचा. कशी आहेस विचारलं की ‘हाय की’. लग्नात कोपरा धरून बसणार. ईदला नवे कपडे घेताना रंग कोणता विचारला तर ‘तुमीच सांगा’. ताटात काय वाढलं, बरं झालं की खारट, कधी एक शब्द नाही. तिची लेक खुशनुमा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, गुफरानने गल्लीभर पेढे वाटले, आणि ही ओठांनी हसली. डोळे जिथल्या तिथे. पहाटे कितीतरी आधी जाग येते म्हणायची, आणि दिवस उजाडायच्या आतच दमलेली असायची. तरी गादी एक दिवस उशिरा दिली नाही, टाका एक वाकडा घातला नाही. स्वतःबद्दल मात्र म्हणायची, ‘माझं काम काय, कुनी बी करल.’

माझा नवरा बंकट म्हणायचा, तिचा स्वभावच तसा, स्वभावाला औषध नाही. हे वाक्य बोलून बंकटने आयुष्यात बरेच विषय संपवले आहेत.

मागच्या हिवाळ्यात, गाद्यांच्या ऐन हंगामात, फरजानाचं यंत्र बंद पडलं. म्हणजे यंत्र चांगलं होतं, ती बंद पडली. आधी वाटलं ताप असेल. मग दिसायला लागलं की बाई भाकरीचा तुकडा मोडते आणि तसाच ठेवते. कपडे ढिले झाले. कापसाच्या ढिगासमोर बसायची आणि सुई हातात घेऊन तशीच राहायची. बोलणं तर आधीच थोडं होतं, आता विचारलेल्याचं उत्तरसुद्धा फार वेळाने यायचं, जणू लांबून चालत येतंय. आणि मग एक दिवस गुसलसाठी बोलावणं आलं आणि फरजाना उठली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘मला जमायचं न्हाई. मी कामाची न्हाई ऱ्हायले.’

तेव्हा कुठे मोहल्ला हलला. जेवण सुटलं, झोप सुटली, तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण फरजाना गुसलला आली नाही म्हणजे काहीतरी भयंकर झालं, एवढं सगळ्यांना कळलं. तिची सासू इमामबी, जिला आम्ही सगळे चाची म्हणतो, तिने दर्ग्यातून पाणी दम करून आणलं, म्हणजे दुवा वाचून फुंकलेलं पाणी, आणि स्वतःच्या हाताने पाजलं. सासू असावी तर अशी, भांडी आपटत नव्हती, सुनेच्या उशाशी बसून होती. पण फरक पडला नाही. मी गुफरानला गाठलं आणि सांगितलं की दुवा चालू ठेव, पण उद्या सकाळच्या गाडीने अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात चल, आणि मीही येणार आहे. तो म्हणाला, भाभी, गिरणी? मी म्हणाले, गिरणी बंकटला येते, आली नाही तर शिकेल.

तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर ऋतुजा मॅडम. माझ्या लेकीच्या वयाच्या, पण घाई नाही. त्यांनी फरजानाला किती दिवस असं होतंय विचारलं, जेवणाचं, झोपेचं, कामाचं विचारलं, आणि मग सरळ विचारलं की मरावंसं वाटतं का. मी दचकले. फरजाना दचकली नाही. म्हणाली, ‘मरावं असं न्हाई. पन सकाळी जाग आली न्हाई तर बरं, असं वाटतं.’ गुफरानने तोंड फिरवलं. मॅडमनी मान हलवली, हे सांगितलंत ते चांगलं केलंत म्हणाल्या, आणि आम्हाला बजावलं की सध्या हिला एकटीला ठेवायचं नाही, हे बोलणं वाढलं तर तारखेची वाट न बघता निघून यायचं. रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, ते ठीक निघालं. हे मोठं डिप्रेशन आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि सांगितलं की पहिल्या आठवड्यात चमत्कार शोधू नका, याला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

तसंच झालं. आधी झोप आली, मग भूक. उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी भिंतीपलीकडून यंत्राची घरघर ऐकू आली आणि मी पायली हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला रडू आलं, लपवत नाही. पुढे एका घरी गुसलचं बोलावणं आलं, फरजाना गेली, शांतपणे सगळं करून आली. चाचीने दर्ग्यात मलिदा वाटला. जो तो म्हणू लागला, फरजाना पहिल्यासारखी झाली. बस्स, संपलं. गुफरानने तर मनाशी ठरवूनच टाकलं की आता पुढच्या तारखेला जायचं ते मॅडमचे आभार मानायला आणि गोळ्या बंद करून घ्यायला.

आम्ही तिघंही गेलो. गुफरानने धुतलेला शर्ट घातला होता. खुर्चीत बसता बसता म्हणाला, मॅडम, ही एकदम पहिल्यासारखी झाली.

मॅडमनी विचारलं, ‘पहिल्यासारखी म्हणजे कशी?’

आणि गुफरान खुलला. बायकोचं कौतुक करायला मिळालं की कोणता नवरा मागे राहतो? सांगत सुटला. हिचा आवाज कधी चढत नाही. काही मागत नाही. हसणं नाही, रुसणं नाही. आपल्याला काय पाहिजे हे लग्नापासून एकदाही सांगितलं नाही. रात्री झोप थोडी, पण तक्रार नाही. दमते, पण काम सोडत नाही. पूर्ण मोहल्ल्यात असा सबर कुणाचा नाही. मीही वर दोन गोष्टींची भर घातली, निकालाच्या पेढ्यांची आणि ईदच्या कपड्यांची. आम्ही दोघं असं सांगत होतो, जसं पाहुण्यांपुढे मुलीचे गुण सांगतात. मॅडमचा चेहरा मात्र काही फुलेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फरजानाकडे वळल्या. म्हणाल्या, ‘तुम्हाला मनापासून बरं वाटलं, असं शेवटचं कधी झालं?’

फरजाना विचार करत राहिली. बाहेर बसलेल्यांतली दोन नावं पुकारून झाली. मग म्हणाली, ‘शाळेत असताना. मैत्रिनीसंगं बोरं येचायला गेलतो.’

गुफरानने खिशातून काढलेली गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा घडी घालून ठेवली.

मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मोठं डिप्रेशन येतं तेव्हा माणूस बदललेला दिसतो, काही आठवड्यांत ताट सुटतं, काम सुटतं, म्हणून घरचे धावतात. दुसरं एक असतं, त्यापेक्षा सौम्य, पण मुक्कामाला येतं. दिवसातला बराच वेळ, बहुतेक दिवस, मन खाली. मोठ्या माणसात असं कमीत कमी दोन वर्षं चाललं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात, पण कुणाकुणाचं वीस वीस वर्षं चालतं. मध्ये महिना-पंधरा दिवस बरे जातात, पुन्हा तेच. माणूस कामाला जातो, लेकरं वाढवतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यातून ज्याला ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच धरतं, त्याला आपण वेगळे कधी होतो हेच आठवत नाही. तो म्हणतो, मी असाच. घरचे म्हणतात, हा असाच. फरजानाला दोन्ही होती. हिवाळ्यात जुन्यावर मोठं चढलं. मोठं उतरलं. जुनं तिथेच आहे, आणि आम्ही त्यालाच फरजाना समजून मलिदा वाटून आलो होतो.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, मॅडम, पण गप्प स्वभावाची माणसं असतातच की, आता त्यांनाही गोळ्या देणार का? त्या हसल्या. म्हणाल्या, गप्प असणं हा आजार नाही. पण गप्प माणसालाही लेकीच्या निकालाचा आनंद होतो, जेवण गोड लागतं, आपण काही कामाचे आहोत असं वाटतं. आमच्या बंकटचं ते वाक्य मी त्यांच्यापुढे ठेवलं, स्वभावाला औषध नाही म्हणून. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे. स्वभावाला नाही. आजाराला आहे.’

गोळी थोडी वाढवायची आणि जोडीला समुपदेशन करणाऱ्या ताईंकडे बोलायला यायचं, असं त्यांनी सुचवलं. बहुतेक लोकांना याने फरक पडतो, सगळ्यांना सारखा नाही, आणि वेळ हिवाळ्यापेक्षा जास्त लागेल, हेही सांगितलं. फरजाना उठली. आमच्या ओळखीत पहिल्यांदा ती कुणाचं बोलणं अर्धवट टाकून उठली.

परतताना परळीच्या गाडीत ती खिडकीशी आणि मी तिच्या शेजारी. गुफरान मागे. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, ‘रतनभाभी, गरीब घरची मी. रूप न्हाई, शिकशन न्हाई. एक सबर व्हता, त्याच्यावर गावानं मान देला. आता ती बाई म्हनती त्यो बी आजारच. मग माझं काय ऱ्हायलं?’

हीच तिची खरी अडचण होती. गोळीने पोट बिघडेल का, लोक काय म्हणतील, याची तिला फिकीर नव्हती. उदासी गेली तर हात कापतील, आणि हात कापले तर मेलेल्या बायकांना न्हाऊ घालणारी फरजाना उरणार नाही, याचं तिला भय होतं. घरी चाचीलाही तेच वाटलं. ती कितीदा म्हणालेली, मला न्हाऊ घालायला फरजानाच पाहिजे, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका. हिवाळ्यातली गोळी तेवढी फरजाना घेत राहिली, पण ताईंकडे जायचं नाव काढेना.

मग युसूफ वडगाव या गावाहून एक म्हातारबा गादी पिंजून घ्यायला आले. जुनी गादी, कापूस दबून पाटासारखा झालेला. म्हणत होते, माझी पाठच कडक आहे, जन्मापासून, तेवढी गादी करून द्या पण पाठीचा काही भरवसा नाही. ती त्यांची गादी उसवत होती, मी पिठाचा डबा घेऊन दारात होते. अचानक थांबली आणि मला म्हणाली, गादी फाटली की माणूस त्याच दिवशी घेऊन येतो. दबत गेलेली कुणी आणत नाही. रोज थोडी थोडी दबते, कळत नाही, आणि माणूस म्हणतो आपली पाठच तशी. एवढं बोलून ती पुन्हा उसवायला लागली. मी डबा खाली ठेवला आणि गादीचं दुसरं टोक धरलं. पुढच्या तारखेला ती स्वतः चप्पल घालून दारात उभी होती.

मॅडमना तिने गाडीतला प्रश्नच विचारला. आजार गेल्यावर माझं काय राहणार? मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्यातलं कोणतं तुमचं आणि कोणतं आजाराचं, हे आज मलाही सांगता येणार नाही. आजार उतरू द्या. मागे राहील ते तुमचं.’

कोणी तरी एवढं सरळ ‘मला माहीत नाही’ म्हणालं, त्यावर तिने भरवसा ठेवला. ही गोष्ट मला फरजानाची सगळ्यात थोर वाटते. हिवाळ्यातल्या दुखण्यातून उठणं सोपं नव्हतंच, पण तेव्हा तिला उचलायला आम्ही सगळे होतो. या वेळी गाव म्हणत होतं तू छान आहेस, आणि तरी ही बाई उठून म्हणाली की नाही, मी बघते मी कोण आहे ते. त्याला छाती लागते.

ताईंनी तिला गृहपाठ दिला. रोज एक तरी गोष्ट आपली आपण निवडायची आणि तोंडाने सांगायची. ‘मी कामाची न्हाई’ असं मनात आलं की त्या दिवशी केलेली कामं आठवून बघायची. मन खाली गेलं तर कशाने गेलं, कुणाशी काय बोलायचं राहिल्याने गेलं, ते येऊन सांगायचं. पहिले दोन-तीन महिने काही दिसेना. मध्ये एकदा तर आठवडाभर पुन्हा खाली गेली आणि मला वाटलं सगळं पाण्यात. पण जात राहिली, प्रत्येक तारखेला. आणि मग पावसाळा सरता सरता एक दिवस डबा घेऊन गिरणीत आली, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘भाभी, पीठ जाडं आलंय. पुन्यांदा दळा.’

इतक्या वर्षांत पहिली तक्रार. मला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम, कारण पीठ जाडं नव्हतं. म्हणजे थोडं होतं. आम्ही त्यावर चांगल्या भांडलो. नंतर शेवग्याच्या भाजीत तिखट कमी म्हणून सासूशी वाद, ओढणीचा रंग जांभळाच पाहिजे म्हणून दुकानदाराशी हुज्जत. खुशनुमा म्हणायची, मावशी, अम्मी गुणगुणते. गुफरान तर गॅरेजमधून उगाच दोनदा घरी चक्कर मारायला लागला. मॅडमनी औषध देऊन माझं एक गरीब गिऱ्हाईक बिघडवलं, असं मी गावभर सांगत सुटले.

पण मोहल्ल्यात कुजबुज होती. फरजाना हसते, फरजाना भांडते, आता कसलं गुसल देणार ती. बोलावणी थोडी कमी झाली. तिच्या कानावर जायचं सगळं. गोळी मात्र चुकवली नाही.

या हिवाळ्यात इमामबी चाची गेली. वय झालं होतं, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. अंगणात बायका जमल्या. एकीने हळूच विचारलं, दुसरीला बोलवायचं का? फरजाना तेवढंच म्हणाली की चाचीने मला सांगून ठेवलंय, आणि बाही वर सारून पडद्याआड गेली. खुशनुमा तिच्या हाताखाली. मी बाहेर ओट्यावर बसले होते, कान आत लावून.

पाण्याचा आवाज येत राहिला. आतून दुसरा आवाज नाही. पुढचं खुशनुमाने सांगितलं. अम्मीने दादीचे केस उकलले, बोरीच्या पाल्याच्या पाण्याने धुतले, पाठीखाली हात घालून कुशीवर वळवलं. अम्मीचे डोळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाहत होते. तोंडातून आवाज नाही. आणि हात तसेच, एकदाही कापले नाहीत, दादीला कुठे जोराने लागू दिलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, बाई, तू कधी रडत नव्हतीस, पुन्हा तब्येत बिघडली का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण फरजाना माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. ओले हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘भाभी, इतक्या बायांना न्हाऊ घातलं. तवा दुःख व्हतं ते माझं मलाच पुरत व्हतं, त्यांच्यासाठी उरतच नव्हतं. आज चाचीसाठी झालं.’